बहुभुजाला सर्वांत कमी क्षेत्रफळाचा आयत कसा बसवायचा: एकेका बाजूची दिशा तपासण्याची रीत

तुमच्याकडे एक बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत खाच नसलेला, बहुभुज आहे आणि तो पूर्ण आत मावेल असा कमीत कमी क्षेत्रफळाचा आयत हवा आहे. आयत तिरका असला तरी चालेल. हा प्रश्न माझ्यासमोर पहिल्यांदा आला तेव्हा मला एकच मार्ग सुचला होता: बहुभुज एकेक अंशाने फिरवायचा, दरवेळी x आणि y मधली सर्वांत लहान-मोठी किंमत काढायची आणि नव्वद आयतांतला सर्वांत लहान निवडायचा. पहिल्या काही आकृत्यांवर उत्तरं ठीक दिसली, म्हणून मी तसंच पुढे गेलो.

मग एक लांबट, अरुंद पट्टी आली. लांबी १०००, रुंदी १, आणि ती ३०.५ अंशांत तिरकी. मी तपासत होतो ३० आणि ३१ अंश. अर्ध्या अंशाचाच फरक, पण १००० लांबीच्या पट्टीचं टोक तेवढ्यानेच सुमारे ८.७ एककं वर सरकतं. आयताची उंची १ ऐवजी ९.७ झाली आणि क्षेत्रफळ १००० ऐवजी साधारण ९७२६ आलं. जवळजवळ दहापट! अंश आणखी बारीक केले तरी याहून अरुंद पट्टी कधीतरी येणारच. अंदाजाने कोन तपासण्याची मुळात गरजच नाही, हे मला त्यानंतर कळलं. तपासायच्या दिशा बहुभुज स्वतःच देतो. बहुभुजाला n बाजू असतील तर जास्तीत जास्त n दिशा, आणि उत्तर नेमकं.

पुढे गोंधळ होऊ नये म्हणून बहुभुजाच्या रेषेला मी ‘बाजू’ म्हणेन आणि आयताच्या रेषेला ‘कड’.

काय लागेल

- शिरोबिंदूंचे निर्देशक, बहुभुजाच्या कडेकडेने ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने
- दोन सदिशांचा डॉट प्रॉडक्ट आणि क्रॉस प्रॉडक्ट काढता येणं (क्रॉस प्रॉडक्ट म्हणजे इथे फक्त `ax*by - ay*bx`)
- पहिल्या वेळी आलेख कागद आणि पट्टी. उदाहरण हाताने काढलंत तर पुढचा कोड वाचायला सोपा जाईल.

sin, cos, वर्गमूळ यांतलं काहीच लागणार नाही.

## १. आधी बहुभुज खरंच बहिर्वक्र आहे ना ते पाहा

लागोपाठच्या दोन बाजूंचे सदिश घ्या आणि त्यांचा क्रॉस प्रॉडक्ट काढा. घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असाल तर प्रत्येक शिरोबिंदूपाशी उत्तर धन यायला हवं. एका जागी जरी चिन्ह बदललं तरी तिथे खाच आहे.

हा टप्पा गाळण्याचा मोह होतो, आणि गाळला तर चूक दिसत नाही. खाच असलेला बहुभुज तसाच दिला तरी प्रोग्राम थांबत नाही. जो आयत येतो तो सगळे बिंदू व्यवस्थित वेढतो, चित्रातही बरा दिसतो. फक्त तो सर्वांत लहान असेलच असं नाही. खाचेच्या तोंडावरून ताणलेल्या दोरीसारखी जी रेषा जाते, तिची दिशा सर्वोत्तम असू शकते. पण ती रेषा बहुभुजाची बाजू नसल्यामुळे तपासायच्या यादीत येतच नाही.

उपाय सोपा आहे. शंका असेल तेव्हा सरळ बिंदूंचा कॉन्व्हेक्स हल, म्हणजे सगळे बिंदू वेढणारा सर्वांत लहान बहिर्वक्र बहुभुज, काढा आणि पुढची सगळी कामं त्यावर करा. हलला जो आयत लागतो तोच मूळ आकृतीलाही लागतो.

एकच बिंदू लागोपाठ दोनदा आला असेल तर एक काढून टाका, नाहीतर शून्य लांबीची बाजू तयार होईल आणि पुढे शून्याने भागाकार होईल. अगदी छोट्या, मोजमापातल्या थरथरीने तयार झालेल्या बाजूंची मात्र काळजी करू नका. अशा बाजूची दिशा विचित्र असली तरी तिच्यावर बेतलेला आयतही सगळे बिंदू वेढतोच. तो मोठा निघाला तर स्पर्धेतून आपोआप बाद होतो.

## २. फक्त बाजूंच्याच दिशा का पुरतात ते समजून घ्या

हे नुसतं मान्य करून पुढे जाता येईल, पण कारण कळलं की पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

आयत बहुभुजाला घट्ट टेकलेला आहे असं समजा. समोरासमोरच्या दोन कडा बहुभुजाला P आणि Q या शिरोबिंदूंपाशी टेकतात. आता आयत किंचित फिरवा, इतका किंचित की टेकणारे बिंदू तेच राहतील. त्या दोन कडांमधलं अंतर म्हणजे PQ ची लांबी गुणिले एका कोनाचा cos. आयताच्या दुसऱ्या जोडीचंही तसंच. म्हणजे क्षेत्रफळ हे दोन cos चा गुणाकार आहे, आणि त्यांतल्या लांब्या स्थिर आहेत.

cos चा लॉगरिथम घेतला तर त्याचा आलेख पालथ्या वाटीसारखा दिसतो. अशा दोन वाट्यांची बेरीजही पालथी वाटीच असते. पालथ्या वाटीचा सर्वांत खालचा बिंदू मध्ये कधीच नसतो, तो काठावरच असतो. इथे काठ म्हणजे टेकणारा बिंदू बदलतो तो क्षण. आणि बिंदू बदलतो तेव्हा आयताची कड बहुभुजाच्या एखाद्या बाजूवर पूर्ण निजलेली असते.

म्हणून सर्वांत लहान आयताची निदान एक कड बहुभुजाच्या एखाद्या बाजूवर असतेच. हा निष्कर्ष फ्रीमन आणि शपिरा यांनी १९७५ साली सिद्ध केला.

## ३. एका बाजूसाठी आयत मोजा

एक बाजू घ्या. तिचा सदिश `e = (ex, ey)`. त्याला लंब असलेला सदिश `(-ey, ex)`. प्रत्येक शिरोबिंदूसाठी दोन संख्या काढा:

```
s = x*ex + y*ey
t = y*ex - x*ey
```

s सांगतो बिंदू त्या बाजूच्या दिशेने किती पुढे आहे, आणि t सांगतो तो त्या बाजूपासून किती वर आहे. सर्व s मधला सर्वांत मोठा वजा सर्वांत लहान, त्याला W म्हणा. t साठी तसंच H.

नवखे इथे हमखास अडखळतात. W ही आयताची लांबी नाही, ती लांबीच्या |e| पट आहे, कारण e एकक सदिश नाही. H सुद्धा |e| पट फुगलेली आहे. बरेच जण म्हणून आधी e ला त्याच्या लांबीने भागून घेतात. उत्तर बरोबर येतं, पण वर्गमूळ शिरतं आणि पूर्णांकांचे अपूर्णांक होतात. त्याऐवजी शेवटी एकदाच भागा:

```
area = W * H / (ex*ex + ey*ey)
```

दोन्हीकडचे |e| मिळून |e|² होतो, आणि त्याला वर्गमूळ लागत नाही. निर्देशक पूर्णांक असतील तर क्षेत्रफळ नेमका अपूर्णांक म्हणून मिळतं.

भागायला विसरलात तर ते असं ओळखू येतं: सर्वांत छोटी बाजू बहुतेक वेळा जिंकायला लागते.

## ४. एक पंचकोन हाताने सोडवा

A(२, ०), B(१६, ७), C(१७, १०), D(१२, २०), E(०, ४). आलेख कागदावर काढा. घड्याळाच्या उलट क्रम आहे आणि पाचही वळणं डावीकडे आहेत.

आडव्या-उभ्या कडांचा आयत घेतला तर १७ × २० = ३४०. इथून सुरुवात.

बाजू AB. सदिश (१४, ७). फक्त दिशा हवी म्हणून ७ ने भागून (२, १) घेऊ. सगळीकडे तोच सदिश वापरला तर काही बिघडत नाही. आता `s = 2x + y` आणि `t = 2y - x`.

s: A ४, B ३९, C ४४, D ४४, E ४. म्हणून W = ४०.
t: A −२, B −२, C ३, D २८, E ८. म्हणून H = ३०.
क्षेत्रफळ = ४० × ३० ÷ ५ = २४०.

A आणि B चा t सारखा आला हे पाहा. तो सारखा यायलाच हवा, कारण ते दोघे त्याच बाजूवर आहेत. इथे फरक दिसला तर गणित तिथेच थांबवा आणि चूक शोधा. आणि त्या बाजूचा t हा सर्वांत लहान t असायला हवा. नसेल, तर शिरोबिंदू घड्याळाच्या दिशेने दिलेत किंवा आकृती बहिर्वक्र नाही.

बाजू BC. सदिश (१, ३). s: २, ३७, ४७, ७२, १२; W = ७०. t: −६, −४१, −४१, −१६, ४; H = ४५. क्षेत्रफळ = ३१५० ÷ १० = ३१५.

बाजू CD. सदिश (−५, १०), म्हणजे (−१, २) ही दिशा. ही AB ला बरोबर लंब आहे, म्हणून आयत तोच: २४०. वेगळं गणित करायची गरज नाही, पण पहिल्यांदा करत असाल तर करून बघा. लंब किंवा समांतर बाजूंना वेगळं उत्तर आलं तर कुठेतरी चिन्ह चुकलं आहे.

बाजू DE. सदिश (−१२, −१६), लांबी २०. पंचकोनाची सर्वांत लांब बाजू हीच. दिशा (३, ४) घेऊ. उलटी दिशा घेतली तरी रेषा तीच राहते. इथे मात्र बहुभुज रेषेच्या दुसऱ्या अंगाला येतो, म्हणून D आणि E चा t सर्वांत मोठा दिसेल. s: ६, ७६, ९१, ११६, १६; W = ११०. t: −८, −४३, −३८, १२, १२; H = ५५. क्षेत्रफळ = ६०५० ÷ २५ = २४२.

बाजू EA. सदिश (२, −४). ही CD ला समांतर. पुन्हा २४०.

उत्तर २४०. सर्वांत लांब बाजूवर बसवलेला आयत २४२ चा, दोन एककांनी हरला. ‘आयत सर्वांत लांब बाजूवर बसवला की झालं’ हा सल्ला मला सुरुवातीला दोनतीन जणांनी दिला होता, आणि तो इतका पटण्यासारखा आहे की मी काही दिवस तसंच करतही होतो. बहुतेक वेळा उत्तर जवळचं येतं, म्हणूनच तो सल्ला टिकून आहे. पण नेमकं उत्तर हवं असेल तर त्यावर विसंबू नका.

आता दुसऱ्या टप्प्यातली पालथी वाटी प्रत्यक्ष बघू. AB ची दिशा साधारण २६.६ अंश आणि DE ची ५३.१ अंश. यांच्या मधली ४५ अंशांची दिशा घ्या, सदिश (१, १). s: २, २३, २७, ३२, ४; W = ३०. t: −२, −९, −७, ८, ४; H = १७. क्षेत्रफळ = ५१० ÷ २ = २५५. म्हणजे २४०, मग २५५, मग २४२. मध्ये फुगवटा आणि दोन्ही टोकांना उतार.

## ५. कोड लिहा

```python
def smallest_rect(p):
    n, best = len(p), None
    for i in range(n):
        x1, y1 = p[i]
        x2, y2 = p[(i + 1) % n]
        ex, ey = x2 - x1, y2 - y1
        L = ex*ex + ey*ey
        if L == 0:
            continue
        s = [x*ex + y*ey for x, y in p]
        t = [y*ex - x*ey for x, y in p]
        s0, s1, t0, t1 = min(s), max(s), min(t), max(t)
        area = (s1 - s0) * (t1 - t0) / L
        if best is None or area < best[0]:
            best = (area, ex, ey, s0, s1, t0, t1)
    return best
```

`% n` विसरू नका. तो नसेल तर शेवटच्या शिरोबिंदूपाशी प्रोग्राम अडतो. आणि अडू नये म्हणून कुणी लूप एक पायरी आधीच थांबवली, तर शेवटची बाजू न तपासताच राहते. वरच्या पंचकोनात EA राहिली तरी उत्तर बदलणार नाही, कारण तोच आयत AB देते. म्हणून एकाच उदाहरणावर भरवसा ठेवू नका. वेगवेगळे बहुभुज घ्या आणि शिरोबिंदूंची सुरुवात आळीपाळीने प्रत्येक शिरोबिंदूपासून करून बघा.

पायथनमध्ये पूर्णांक हवे तेवढे मोठे होतात. इतर भाषांत ६४ बिटांचे पूर्णांक वापरत असाल तर सावध राहा. निर्देशक दहा लाखांच्या आसपास असले की W आणि H प्रत्येकी काही लाख कोटींपर्यंत जाऊ शकतात, आणि त्यांचा गुणाकार ६४ बिटांत मावत नाही. ओव्हरफ्लो झाल्यावर क्षेत्रफळ कधी ऋण दिसतं आणि तोच ‘सर्वांत लहान’ म्हणून निवडला जातो. अशा वेळी गुणाकाराआधी W आणि H डबलमध्ये घ्या.

## ६. आयताचे कोपरे परत मिळवा

क्षेत्रफळ मिळालं, पण बहुतेकांना आयत काढायचा असतो. कोपऱ्याचे s आणि t माहीत आहेत, त्यांवरून x आणि y असे येतात:

```
x = (s*ex - t*ey) / L
y = (s*ey + t*ex) / L
```

आपल्या उदाहरणात e = (२, १), L = ५, s ४ ते ४४, t −२ ते २८. चार जोड्या घातल्या की कोपरे मिळतात: (२, ०), (१८, ८), (१२, २०), (−४, १२). यांतला पहिला म्हणजे A आणि तिसरा म्हणजे D. बाकीचे दोन बहुभुजाबाहेर आहेत, आणि त्यांतला एक तर ऋण x वर. चित्र काढताना कागदाची डावी कड शून्यावर ठेवली असेल तर तो कोपरा कापला जाईल.

e साठी (२, १) घेतला असेल तर इथेही तोच आणि L = ५ च. कोडमध्ये e = (१४, ७) असतो, म्हणून तिथे L = २४५ आणि s, t सात पट. दोन्हीची सरमिसळ झाली की आयत योग्य दिशेने पण चुकीच्या मापाचा येतो.

## ७. उत्तर पारखून घ्या

सर्वांत कामाची कसोटी ही: सर्वांत लहान आयताचं क्षेत्रफळ बहुभुजाच्या क्षेत्रफळाच्या दुपटीहून जास्त कधीच नसतं. कारण समजायला सोपं आहे. बहुभुजातले एकमेकांपासून सर्वांत दूरचे दोन शिरोबिंदू घ्या, त्यांच्या रेषेच्या दिशेने आयत बसवा. ते दोन बिंदू आणि रेषेच्या दोन्ही अंगांचे सर्वांत दूरचे बिंदू मिळून जी आकृती होते, ती बहुभुजाच्या आतच असते आणि तिचं क्षेत्रफळ या आयताच्या बरोबर निम्मं असतं. आपल्या पंचकोनाचं क्षेत्रफळ १५७.५ आहे, दुप्पट ३१५, आणि उत्तर २४०. बरोबर बसतं. तुमचं उत्तर दुपटीच्या पुढे गेलं तर चूक नक्की आहे.

दुसरी कसोटी लघुकोन त्रिकोणाची. त्याच्या तिन्ही बाजूंना सारखंच क्षेत्रफळ यायला हवं, त्रिकोणाच्या दुप्पट, कारण प्रत्येक वेळी ते पाया गुणिले उंची असतं. दशांशात काम करत असाल तर तिन्हींत शेवटच्या अंकाचा फरक पडेल आणि जिंकणारी बाजू त्यावर ठरेल. तो दोष नाही. बरोबरीत कोणता आयत घ्यायचा हे मात्र तुम्ही आधीच ठरवा, उदाहरणार्थ चौरसाच्या सर्वांत जवळ जाणारा.

## ८. वेग कधी वाढवायचा

वरची रीत प्रत्येक बाजूसाठी सगळे बिंदू तपासते, म्हणजे काम n² च्या प्रमाणात. हल काढल्यावर उरणारे शिरोबिंदू सहसा थोडेच असतात, आणि काही शेकडा शिरोबिंदूंपर्यंत मी हीच रीत ठेवतो, कारण ती तपासायला सोपी आहे.

हजारो शिरोबिंदू असतील तर फिरते कॅलिपर वापरा. शेमॉसची १९७८ ची ही कल्पना, तिला हे नाव देऊन आयताच्या प्रश्नाला लावली ती टूसाँ यांनी १९८३ साली. एका बाजूवरून पुढच्या बाजूवर गेलो की सर्वांत उजवा, सर्वांत वरचा आणि सर्वांत डावा बिंदू यांपैकी कुणीही मागे जात नाही, फक्त पुढे सरकतो. म्हणून तीन खुणा ठेवायच्या आणि गरज असेल तेवढ्याच पुढे ढकलायच्या. पूर्ण फेरीत प्रत्येक खूण साधारण एकदाच बहुभुजाभोवती फिरते आणि काम n च्या प्रमाणात येतं.

यात मला सर्वांत जास्त वेळ लागला तो डाव्या खुणेच्या सुरुवातीला. ‘s कमी होतोय तोवर पुढे सरक’ असा तिचा नियम. पण ती पहिल्या बाजूच्या टोकापासूनच सुरू केली, तर तिथे s अजून वाढतच असतो, त्यामुळे ती जागची हलत नाही आणि पहिल्याच आयताची लांबी कमी येते. खोटा लहान आयत शेवटपर्यंत जिंकलेला राहतो. म्हणून पहिल्या बाजूसाठी क्रम पाळा: आधी उजवी खूण बसवा, वरची खूण तिथून पुढे न्या आणि डावी खूण वरच्या खुणेपासून सुरू करा. मग n² वाली साधी रीत सोबत ठेवून, यादृच्छिक बिंदूंचे काही शे हल दोन्हींना द्या आणि क्षेत्रफळं जुळतात का ते पाहा.